ओव्हलच्या फोटोखाली काय लिहायचं?

"ओव्हल मैदानाच्या कडेच्या आर्ट डेको इमारतींवर मी मराठीत लेख लिहिलाय. चौदा फोटो आहेत. प्रत्येकाखाली ‘मुंबईतील आर्ट डेको इमारत, ओव्हल मैदान’ असंच लिहिलं, कारण त्याने गूगलला विषय कळतो असं कुणीतरी सांगितलं होतं. बहिणीने लेख वाचला आणि विचारलं, ‘यात मी नेमकं बघायचं काय?’ आता फोटोखाली काय लिहू, बाजूच्या मजकुरात काय, आणि वर्डप्रेसमधल्या त्या Alternative Text च्या चौकटीत काय?"

तुमच्या बहिणीने विचारलेला प्रश्न प्रत्येक फोटोला वेगळा विचारा, तुमचं निम्मं काम तिथेच होईल. लेख मी दोनदा वाचला. एकदा नेहमीसारखा वाचला, आणि दुसऱ्यांदा फक्त फोटोओळी एकाखाली एक वाचत गेलो. दुसऱ्या वाचनात चौदा वेळा एकच वाक्य हाती लागलं. लेख सरकवत पाहणारा माणूस बहुतेक वेळा असाच वाचतो: शीर्षक, मग फोटो, मग फोटोखालची ओळ. परिच्छेदात तो नंतर शिरतो, किंवा शिरतच नाही. म्हणजे तुमचा लेख त्याच्यापुरता त्या एका वाक्याएवढाच उरला.

चौदाही फोटोंवर बोलत बसण्यापेक्षा चौथा फोटो घेऊ. त्यात एका निवासी इमारतीचा गोल कोपरा आहे. प्रत्येक मजल्यावर खिडक्यांच्या वरून काँक्रीटचा छज्जा निघून कोपऱ्यावर वळलेला दिसतो. फोटो चांगला आहे. पण त्याच्या आधीचा तुमचा परिच्छेद म्हणतो, "या इमारतींमध्ये अनेक सुंदर वैशिष्ट्यं पाहायला मिळतात." नंतरचा परिच्छेद बॅकबेच्या भरावाबद्दल आहे. मधे फोटो आणि त्याखाली "मुंबईतील आर्ट डेको इमारत, ओव्हल मैदान". ज्याला आर्ट डेको म्हणजे काय हे माहीत नाही, त्याला या तीन ठिकाणी मिळून काहीच कळलेलं नाही. त्याला चार मजल्यांची एक इमारत दिसली, आणि तशा इमारती त्याने माटुंग्यातही पाहिल्या आहेत.

सुरुवात फोटोओळीपासून करू नका. आधीच्या परिच्छेदापासून करा. फोटो येण्याआधी वाचकाच्या मनात तो फोटो बघायची गरज तयार व्हायला हवी. मी तो परिच्छेद असा लिहीन:

"मैदानाच्या पश्चिमेकडची ही रांग ओळखायची सोपी खूण म्हणजे खिडक्यांवरचा छज्जा. तो एका खिडकीपुरता थांबत नाही. सगळ्या खिडक्यांवरून सलग जातो आणि कोपरा आला की इमारतीबरोबर वळतो. त्याने सकाळचं ऊन आणि पावसाची झड अडते, आणि लांबून पाहिलं की सगळी इमारत आडव्या पट्ट्यांनी बांधल्यासारखी दिसते."

आता फोटो. आणि त्याखाली:

"कोपऱ्यावर छज्जा तुटत नाही, वळतो. त्याची सावली दुसऱ्या मजल्यावर खिडकीच्या निम्म्यापर्यंत उतरली आहे. मार्च, सकाळी ११."

परिच्छेदाने नियम सांगितला, फोटोओळीने तो या फोटोत कुठे दिसतो ते दाखवलं. ‘ऊन अडतं’ हे परिच्छेदातलं विधान होतं. सावलीकडे बोट दाखवल्यावर वाचक ते स्वतःच्या डोळ्यांनी तपासतो. महिना आणि वेळ शोभेसाठी लिहिलेली नाही. या इमारतींचं तोंड मैदानाकडे, म्हणजे पूर्वेकडे आहे, त्यामुळे दुपारी चारला घेतलेल्या फोटोत ही सावली मिळणार नाही. तुमचा लेख वाचून कुणी चर्चगेटला उतरून चालत निघाला, तर कधी जायचं हेही त्याला त्या दोन शब्दांत कळतं.

फोटोओळीत ‘आर्ट डेको’ आणि ‘ओव्हल’ हे शब्द नाहीत याने तुम्ही अस्वस्थ व्हाल, म्हणून शोधाचा भाग आत्ताच बोलून घेतो. गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात म्हटलं आहे की चित्राचा विषय समजून घेताना ते पानावरचा मजकूर वापरतात, त्यात फोटोओळी आणि चित्राचं शीर्षकही येतं. चित्र त्याच्याशी संबंधित मजकुराजवळ ठेवा, असंही ते सांगतात. म्हणजे ‘फोटोओळीने विषय कळतो’ हे तुम्हाला सांगणारा माणूस पूर्ण चूक नव्हता. पण पानाचा विषय तुमच्या शीर्षकाने, उपशीर्षकांनी आणि परिच्छेदांनी आधीच सांगितला आहे. तोच विषय चौदा वेळा पुन्हा सांगितल्याने त्यात भर पडत नाही, उलट चौदा चित्रांमधला फरक पुसला जातो. छज्जा कुठला, जिना कुठला, दारावरची अक्षरं कुठली, हे सांगणारं काहीच उरत नाही. ‘आर्ट डेको छज्जा’ शोधणाऱ्यापुढे तुमचाच चौथा फोटो यावा आणि अकरावा येऊ नये, यासाठी त्या फोटोच्या आसपास छज्जाबद्दलच बोललं जायला हवं. फोटोच्या वर "छज्जे: इमारतीच्या भुवया" असं उपशीर्षक असेल तर आणखी चांगलं. इंग्रजीत त्यांना ‘आयब्रो’ म्हणतात, आणि मराठीत ‘भुवया’ हा शब्द या छज्जांना इतका चपखल बसतो की तो लेखात एकदा यायलाच हवा.

यातून फार मोठ्या अपेक्षा मात्र ठेवू नका. फोटोओळ बदलल्याने लहान संकेतस्थळ रातोरात वर येत नाही. तो अनेक संकेतांपैकी एक आहे.

आता Alternative Text ची चौकट. तिथे बहुतेक जण फोटोओळच चिकटवतात, आणि माझ्या मते ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. या दोन मजकुरांचं काम वेगळं आहे. फोटोओळ सगळ्यांना दिसते, फोटो पाहणाऱ्यालाही. पर्यायी मजकूर फोटोच्या जागी उभा राहतो. ज्याला फोटो दिसत नाही, किंवा नेटवर्क नसल्याने ज्याच्या फोनवर तो उघडलाच नाही, त्याच्यासाठी तो आहे. दृष्टिहीन वाचक टॉकबॅक किंवा एनव्हीडीए असं मजकूर वाचून दाखवणारं साधन लावून लेख ऐकतो तेव्हा त्याला आधी पर्यायी मजकूर ऐकू येतो आणि मग फोटोओळ. दोन्ही एकच असतील तर तेच वाक्य लागोपाठ दोनदा ऐकावं लागतं, तुमच्या लेखात मिळून अठ्ठावीस वेळा.

म्हणून पर्यायी मजकुरात फोटोत जे आहे ते साधेपणाने सांगा, आणि फोटोओळीत त्याचा अर्थ सांगा. चौथ्या फोटोसाठी दोन्ही मिळून असं दिसेल:

```html
<figure>
  <img src="oval-art-deco-chhajja.jpg"
       alt="चार मजली इमारतीचा गोल कोपरा; प्रत्येक
       मजल्यावर खिडक्यांवरून सलग वळलेला छज्जा">
  <figcaption>कोपऱ्यावर छज्जा तुटत नाही, वळतो. त्याची
  सावली दुसऱ्या मजल्यावर खिडकीच्या निम्म्यापर्यंत
  उतरली आहे. मार्च, सकाळी ११.</figcaption>
</figure>
```

पर्यायी मजकुरात ‘फोटो’, ‘छायाचित्र’ असे शब्द लिहायची गरज नाही. हे चित्र आहे हे वाचून दाखवणारं साधन स्वतःच सांगतं. वर्डप्रेसच्या Image ब्लॉकमध्ये फोटोखाली फोटोओळ लिहिली की बहुतेक थीममध्ये ही `figure` आणि `figcaption` ची रचना आपोआप तयार होते. फोटोखाली वेगळा परिच्छेद टाकून तो तिरपा आणि बारीक केला, तर दिसायला तो फोटोओळीसारखा दिसेल, पण त्याचं त्या फोटोशी असलेलं नातं पानाच्या रचनेत कुठेच नोंदलं जात नाही. तुमच्या सातव्या आणि नवव्या फोटोला तुम्ही असंच केलं आहे.

फाइलचं नाव मी मुद्दाम रोमन अक्षरांत ठेवलं. देवनागरी नाव चालतं, पण पत्त्यात देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह `%E0%A4%9B` अशा नऊ वर्णांचं होतं. चार शब्दांच्या नावाचा पत्ता इतका लांबतो की व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर तो कुणाला वाचता येत नाही. `IMG_4471.jpg` पेक्षा `oval-art-deco-chhajja.jpg` बरं. एवढं पुरे आहे, त्यात आणखी शब्द कोंबू नका.

एक गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांच्या हातून हमखास सुटते. वर्डप्रेसची भाषा इंग्रजी ठेवलेली असेल तर तुमचं सगळं पान `lang="en-US"` असं स्वतःची ओळख देतं. मग वाचून दाखवणारं साधन इंग्रजी आवाज निवडू शकतं, आणि तो आवाज देवनागरी एक तर गाळतो नाही तर भलताच उच्चारतो. तुम्ही मनापासून लिहिलेला पर्यायी मजकूर तिथेच वाया जातो. Settings मध्ये Site Language मराठी करा, म्हणजे ते `mr` होईल. तुम्हाला मेनू इंग्रजीत हवे असतील तर ती भाषा तुमच्या प्रोफाइलमध्ये वेगळी ठेवता येते.

आता चुकीची फोटोओळ काय करते ते सांगतो, कारण इथे हात पोळलेला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका दैनिकाच्या वेब विभागात होतो. स्थानकावरच्या एका लेखात घाईत फोटो गेला, खाली ओळ होती "छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची भव्य वास्तू". फोटो समोरच्या महापालिका मुख्यालयाचा होता. दोन्ही इमारती एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनीच आखलेल्या. स्थानकाचं काम १८७८ मध्ये सुरू झालं, पालिकेची इमारत १८९३ मध्ये पुरी झाली. दोन्हीकडे घुमट, दोन्हीकडे गॉथिक कमानी. घाईतल्या डोळ्याला फसायला एवढं पुरतं. परिच्छेदातली प्रत्येक ओळ बरोबर होती, पण लोकांनी लक्षात ठेवली ती फोटोओळ. शिवाय तो फोटो त्याच चुकीच्या ओळीसकट इतरांनी उचलला. आम्ही आमच्या पानावर दुरुस्ती केली, बाहेर गेलेली चूक परत आणता आली नाही. तेव्हापासून माझा नियम असा आहे की इमारतीचं नाव लिहायचं असेल तर ती ओळखण्याची खूण फोटोत सापडली पाहिजे. स्थानकाच्या घुमटावर हातात मशाल धरलेला ‘प्रगती’चा पुतळा आहे. तो फोटोत दिसत नसेल तर दुसरी खूण शोधायची, आणि काहीच सापडलं नाही तर नाव लिहायचं नाही.

हीच इमारत नावांचा प्रश्नही समजावते. बोरीबंदर, व्हीटी, सीएसटी, सीएसएमटी ही सगळी नावं आजही तोंडात आहेत, आणि शोधतानाही लोक यातलं कुठलंही टाइप करतात. म्हणून सगळी नावं फोटोओळीत कोंबू नका. फोटोओळीत आजचं नाव एकदा. जुन्या नावांना परिच्छेदात त्यांच्या गोष्टीसकट जागा द्या: १९९६ मध्ये व्हीटीचं छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ आलं. अशा वाक्यात चारही नावं सहज बसतात आणि वाचकाला काही कळतंही. तुमच्या लेखातही असं आहे. मैदानाला काही जण नुसतं ‘ओव्हल’ म्हणतात, शैलीला कुणी ‘आर्ट डेको’ म्हणतं, कुणी ‘आर्ट डेको शैली’. हे सगळं परिच्छेदाने सांभाळावं.

फोटोची जागा हा खरं तर सगळ्यात सोपा भाग, आणि तोच सगळ्यात जास्त बिघडतो. ज्या परिच्छेदात ती गोष्ट पहिल्यांदा नावाने येते, त्याच्या लगेच खाली फोटो. लेख दुरुस्त करताना आपण परिच्छेद वरखाली हलवतो आणि फोटो जिथे होता तिथेच राहतो. तुमचा बाराव्या क्रमांकाचा फोटो बघा. राजाबाई टॉवर, आणि त्याच्या वरचा परिच्छेद मरीन ड्राइव्हचा. टॉवरचा परिच्छेद तीन पडदे वर आहे. वाचकाला वाटेल की हा टॉवर समुद्राच्या बाजूला आहे, तो तर मैदानाच्या पूर्वेला विद्यापीठात आहे. हा फोटो वर न्या आणि त्याच्याखाली विरोध दाखवा, कारण तुमच्या लेखाचा कणा तोच आहे: "मैदानात उभं राहून पूर्वेकडे पाहिलं की हे टोकदार गॉथिक, १८७८ मध्ये पूर्ण झालेलं. मागे वळलं की साठएक वर्षांनंतरच्या गुळगुळीत, आडव्या रेषा." २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलं ते या दोन्ही बाजूंना मिळून. तुमच्या लेखात ही माहिती शेवटच्या परिच्छेदात आहे. ती या फोटोच्या शेजारी आली तर डोळ्यासमोर उभी राहील.

जागेबरोबरच ‘वरील फोटोत’, ‘शेजारच्या चित्रात’, ‘डावीकडे’ हे शब्दही तपासा. संगणकावर शेजारी असलेला फोटो मोबाइलवर खाली जातो. ‘डावीकडे’ हा शब्द तोपर्यंतच खरा असतो, जोपर्यंत थीम फोटो चौकोनी कापत नाही. चौकोनी कापलेल्या फोटोत तुमच्या आठव्या इमारतीची डावी बाजू गेली आहे आणि परिच्छेद अजून तिच्याबद्दल बोलतो आहे. दिशेऐवजी खूण सांगा: ‘हिरव्या पट्ट्याची बाल्कनी’, ‘जहाजासारख्या गोल खिडकीखाली’. फोटो कसाही कापला तरी खूण दिसली तर दिसते, आणि नाही दिसली तर चूक लगेच कळते. माणसांच्या ओळीला मात्र ‘डावीकडून’ला पर्याय नाही. तिथे फोटो न कापण्याचीच काळजी घ्यावी लागते.

भाषेबद्दल थोडं. मराठी वर्तमानपत्रांनी आपल्याला ‘या छायाचित्रात … दिसत आहे’ असं लिहायची सवय लावली. ते दिसतंच आहे. ते तीनचार शब्द काढले की खऱ्या माहितीला जागा होते. ‘सुंदर’, ‘भव्य’, ‘आकर्षक’ हेही काढा. फोटो सुंदर आहे की नाही हे वाचक पाहून ठरवतो, छज्जा का वळवला हे त्याला पाहून कळत नाही. लांबी दोन लहान वाक्यांच्या आत ठेवा, म्हणजे मोबाइलवर तीनचार ओळी होतात. त्याहून जास्त सांगायचं असेल तर ते परिच्छेदात टाका. फोटो कुणी काढला हे लिहायचं तर शेवटी, वेगळ्या वाक्यात.

चौदापैकी चार फोटोंना मला काही ओळ सुचली नाही: क्रिकेट खेळणारी मुलं, माडांची रांग, संध्याकाळचं आकाश आणि पुन्हा एकदा माडांची रांग. प्रयत्न करूनही ओळ सुचत नसेल तर बहुधा तो फोटो लेखाचं काही काम करत नाही. मुलांचा फोटो ठेवा, त्याला सांगण्यासारखं आहे: मैदान मोकळं राहिलं म्हणून दोन काळ समोरासमोर दिसतात. बाकीचे तीन काढा. माडांचा एखादा केवळ शोभेसाठी ठेवायचाच असेल तर फोटोओळ नको आणि पर्यायी मजकुराची चौकट रिकामी ठेवा. मग तयार होणाऱ्या पानात `alt=""` यायला हवं, म्हणजे वाचून दाखवणारं साधन त्याला ओलांडून पुढे जातं. लेख उघडून एकदा तपासा, कारण काही थीम रिकाम्या चौकटीत स्वतःच फाइलचं नाव भरतात.

बदल करताना एक तांत्रिक अडचण येईल. Media Library मध्ये जाऊन फोटोओळ बदललीत तर लेखातली बदलणार नाही. लेखात फोटो घालताना वर्डप्रेस तिथला मजकूर उतरवून घेतं, त्यानंतर दोन्ही वेगळे. म्हणून दुरुस्ती लेखातच, ब्लॉकवर टिचकी मारून करा. तुमचा वरचा मोठा सरकता फोटोपट्टाही बघा. त्यातल्या एखाद्या फोटोवर उजवी टिचकी मारल्यावर फोटो जतन करायचा पर्याय आला नाही, तर तो थीमने पार्श्वभूमी म्हणून लावला असण्याची शक्यता आहे. सीएसएसमधली अशी चित्रं गूगल चित्रशोधात घेत नाही, आणि पर्यायी मजकूर लिहायलाही तिथे जागा नसते. छज्जाचा फोटो त्या पट्ट्यात असेल तर तो साधा करून लेखात आणा.

झाल्यावर दोन तपासण्या करा. एक, बहिणीला लेख न देता फक्त फोटो आणि ओळी पाठवा आणि विचारा, ओव्हलच्या दोन बाजूंत फरक काय? तिला सांगता आलं तर ओळी जमल्या. दोन, काही आठवड्यांनी गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये Performance अहवालात शोधाचा प्रकार Image करा आणि या पानासाठी कुठले शब्द येतात ते पाहा. आज तिथे फार तर ‘ओव्हल मैदान’ असेल. ‘छज्जा’, ‘गोल खिडकी’ असे बारीक शब्द दिसू लागले तर वेगवेगळ्या ओळी वेगवेगळ्या फोटोंना लागल्या असं समजा. नाहीच दिसले तर लोक ते मराठीत शोधतच नसतील, हेही शक्य आहे. त्यासाठी ओळी पुन्हा ‘आर्ट डेको मुंबई’ करू नका.

आणि इरॉसच्या फोटोची दुरुस्ती आजच करा. फोटोवरच्या उपशीर्षकात तुम्ही "इरॉस, १९३५" लिहिलंय, परिच्छेदात "१९३८ चं इरॉस". बांधकाम १९३५ मध्ये सुरू झालं आणि चित्रपटगृह १९३८ मध्ये उघडलं, म्हणजे दोन्ही आकडे खरे आहेत. पण नुसते वाचले की एक खोटा वाटतो, आणि वाचकाचा विश्वास दोन्हींवरचा उडतो. तिथे आणि फोटोओळीत "१९३८ मध्ये उघडलेलं इरॉस" लिहा, १९३५ परिच्छेदात ‘बांधकाम सुरू’ या शब्दांसकट ठेवा, आणि लाल आग्रा दगडाचा भाग फोटोत कुठे आहे तेही त्याच ओळीत सांगा.